दोन घोटांनंतर सरळ आलेली सही

नमस्कार श्रोतेहो. आज मी एका सहीची गोष्ट सांगणार आहे. ती आहे माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची. वय अठ्ठावन्न, हिशेबाचं काम, दिवसातून पंधरा-वीस सह्या कराव्या लागत. त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एकावरची सही गांडूळ वळवळत गेल्यासारखी, दुसऱ्यावरची अगदी सुबक. म्हणाले, "डॉक्टर, ही सकाळी दहाची आणि ही साडेदहाची. मधे तीस मिली घेतली होती."

लाजत सांगितलं त्यांनी, पण सांगितलं हे बरं झालं. पुष्कळ जण हे लपवतात आणि मग निदानाचा घोळ होतो.

त्यांच्या आजाराचं नाव इसेन्शियल ट्रेमर. आपल्याकडे हात थरथरला की सरसकट कंपवात म्हणतात. पण कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना जास्त थरथरतो. यांचा हात निवांत असताना शांत असतो. कप उचलला, पेन धरलं, चमचा तोंडाशी नेला की थरथर सुरू. सेकंदाला साधारण चार ते बारा वेळा, दोन्ही हातांत. बऱ्याचदा आई किंवा वडिलांनाही हेच असतं. यांच्या वडिलांना होतं.

मग दारूने हात थांबतो कसा? पहिली गोष्ट, दारू हातावर काम करत नाही. संशोधकांनी ती थेट हाताच्या रोहिणीत सोडून पाहिली आहे. थरथर कमी झाली नाही. पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचली, तेव्हाच झाली. खोड हातात नाही, वर आहे.

डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. हालचाल मोजूनमापून, वेळेवर व्हावी हे तो पाहतो. त्याच्या खाली, मेंदूच्या देठात, पेशींचा एक पुंजका आहे. या पेशी एकमेकींशी विजेच्या जोडणीने बांधलेल्या असतात आणि एका तालात ठोके देऊ शकतात. इसेन्शियल ट्रेमरमध्ये या पुंजक्यापासून लहान मेंदूतून मोठ्या मेंदूपर्यंत जाणाऱ्या साखळीत कुठेतरी नको तो ताल घुमत राहतो, आणि हाताचे स्नायू त्या तालावर हलतात. नेमकी सुरुवात कोणत्या दुव्यात होते, यावर अजून वाद चालू आहे.

मेंदूत गॅबा नावाचं एक रसायन असतं. पेशींना "जरा गप्प बसा" असं सांगणं हे त्याचं काम. दारू या रसायनाचा जोर वाढवते आणि लहान मेंदूतल्या काही पेशी थोड्याशा दारूनेही शांत होतात. म्हणून झिंग चढण्याआधीच, दहा-पंधरा मिनिटांत, हात स्थिर होतो. निम्म्याहून अधिक रुग्णांना हा अनुभव येतो. पण हात स्थिर झाला म्हणजे निदान पक्कं झालं असं नाही. इतर काही हालचालींचे आजारही दारूने तात्पुरते कमी होतात. आणि काही रुग्णांना तिचा काडीचाही उपयोग होत नाही.

आता त्यांच्या दिवसाचा हिशेब मांडू या. तीस मिली व्हिस्कीत साधारण दहा ग्रॅम शुद्ध मद्य असतं. यकृताला एवढं पचवायला तास-सव्वा तास लागतो. थरथरीवरचा परिणाम त्यानंतरही थोडा रेंगाळतो, पण तीन-चार तासांत उतरतो. म्हणजे साडेदहाची शांतता दुपारी संपली. चारच्या सह्यांचं काय? तर दुपारची तीस मिली. सहा महिन्यांत तीसची साठ झाली, कारण मेंदूही स्वस्थ बसत नाही. बाहेरून रोज गॅबाचा जोर वाढतोय म्हटल्यावर तो त्या रसायनाची दखल घेणं कमी करतो आणि पेशींना चेतवणारी यंत्रणा वाढवतो. तराजू सरळ राहावा म्हणून समोरच्या पारड्यात वजन टाकतो म्हणा ना.

मग रात्री दारू उतरली की एक पारडं रिकामं होतं आणि समोरचं वजन तसंच राहतं. चेतवणारी यंत्रणा मोकाट सुटते. यांचा शेवटचा पेग रात्री अकराला असे आणि पहाटे पाचला जाग येई. तळहात घामेजलेले, छातीत धडधड, मळमळ, उगाच भीती, आणि हात असे थरथरत की दात घासायचा ब्रश धरवेना. ते समजले, आजार वाढला. म्हणून पहाटेच एक घोट. हात शांत. म्हणजे औषध लागू पडलं, असा त्यांचा निष्कर्ष.

मला सगळ्यात घातक वाटते ती हीच जागा. पहाटेची ती थरथर मूळ आजाराची नव्हती, निदान सगळी तरी नव्हती. ती दारू उतरल्याची होती. दोन्ही थरथरी दारूने थांबतात, त्यामुळे माणसाला फरक कळत नाही. कळण्याची खूण अशी: इसेन्शियल ट्रेमरमध्ये घाम, मळमळ, धडधड, झोपमोड नसते. थरथर त्यांना सोबत घेऊन येत असेल आणि शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांनी येत असेल, तर दारूकडे बोट दाखवा.

आणखी एक विचित्र योग आहे. बरीच वर्षं भरपूर दारू प्यायली तर ज्या लहान मेंदूला ती तात्पुरती शांत करते, त्याच्याच पेशी मरतात. मग चाल डगमगते, आणि ते बिघडलेलं सगळं भरून येत नाही.

हे ऐकून कुणी आज रात्रीपासूनच बाटली बंद करेल, म्हणून थांबवतो. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमही होऊ शकतो. जीव जाऊ शकतो. आमच्या गृहस्थांना पाच दिवस दाखल करून घेतलं. मेंदू शांत ठेवणारी गोळी दिली आणि ती रोज थोडी थोडी कमी केली. सोबत ब-१ जीवनसत्त्व.

तीन आठवड्यांनी त्यांना कागदावर गोगलगायीसारखं वेटोळं काढायला लावलं. ही आमची जुनी, बिनखर्चाची चाचणी. रेघ हलत होती, पण पहिल्या दिवशीच्या मानाने निम्मीच. त्यांचा खरा आजार एवढाच होता. वरची भर दारूची होती.

मग प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, अगदी कमी मात्रेपासून. दम्याच्या किंवा नाडी फार मंद असलेल्या रुग्णाला ते देत नाहीत, म्हणून आधी तपासलं. ते सगळ्यांना लागू पडत नाही, आणि पडलं तरी थरथर पूर्ण जात नाही, कमी होते. न पडल्यास प्रिमिडोन आहे. पण त्याने गुंगी येते आणि वर दारू घेतली तर श्वासावर बेतू शकतं.

गृहस्थांची सही आता सुबक येत नाही. वाचता येते. मागच्या भेटीत सांगत होते, बँकेत जाऊन त्यांनी नमुना सही बदलून घेतली, थोडी थरथरती.