एका बाटलीचे किती हक्क?

(स्क्रीनवर: तीन रकान्यांची स्लाइड. कॉपीराइट, पेटंट, ट्रेडमार्क.)

ही स्लाइड तुम्ही कुठे ना कुठे बघितलेली असणार. तीन रकाने, कॉपीराइट म्हणजे लेखन आणि कला, पेटंट म्हणजे शोध, ट्रेडमार्क म्हणजे नाव आणि लोगो. परीक्षेत लिहायला पुरतं. पण खरी वस्तू टेबलावर आणून ठेवली की गडबड सुरू होते, कारण कुठलीही वस्तू रकाने पाडून तयार होत नाही ना. म्हणून आज आपण स्लाइड जरा बाजूला ठेवू आणि एकच बाटली घेऊ.

(स्क्रीनवर: स्टीलची बाटली, झाकण बाजूने कापून दाखवलेलं.)

गरम पेयाची बाटली, दोन भिंतींची, मधे निर्वात पोकळी. अशा बाटल्या ढिगाने आहेत. नवीन आहे ते झाकण. गरम पेय भरून झाकण घट्ट लावलं की आत वाफ कोंडते, मग बटन दाबलं की पेय फस्सकन उडतं आणि हात भाजतो. या झाकणात बटन दोन टप्प्यांत दाबलं जातं. अर्धं दाबलं की आधी एक बारीक झडप उघडते आणि वाफ निघून जाते, पूर्ण दाबलं की मगच तोंड उघडतं. आणि गंमत अशी की वाफ कोंडलेली असेपर्यंत बटन दुसऱ्या टप्प्यात जातच नाही, आतला दाबच त्याला अडवून धरतो. बाटलीचं नाव ठेवलंय, समजा, वाफोबा. सोबत लोगो, खोका, वापरायच्या सूचनांचं पत्रक आणि एक जाहिरातीचा व्हिडिओ.

आता सगळे विचारतात की या बाटलीला पेटंट घ्यायचं की ट्रेडमार्क. प्रश्नच चुकलाय. विचारायचं असं, की उद्या कोणी नक्कल केली तर तो नेमकं काय उचलेल? जे उचललं जाणार त्यावरून हक्क ठरतो, आणि एकाच बाटलीतून माणूस पाच वेगवेगळ्या गोष्टी उचलू शकतो.

(स्क्रीनवर: बटनाचे दोन टप्पे, हळू गतीने.)

सगळ्यात आधी झाकण, कारण इथे तारखेचा खेळ आहे आणि तारीख चुकली की मागे फिरता येत नाही. पेटंटसाठी शोध नवा लागतो, नवा म्हणजे अर्ज करायच्या तारखेआधी जगात कुठेही उघड झालेला नसावा, आणि यात तुम्ही स्वतः उघड केलेलं पण धरलं जातं. म्हणजे उत्साहाच्या भरात जाहिरातीचा व्हिडिओ आधी टाकला, त्यात झाकण कापून दाखवलं, आणि अर्ज तीन महिन्यांनी केला, तर तुमचाच व्हिडिओ तुमच्या विरोधात पुरावा. अमेरिका आणि जपानसारख्या काही देशांत स्वतः उघड केल्यापासून एक वर्षाची सवलत मिळते, पण युरोपियन पेटंटमध्ये अशी सवलत जवळपास नाहीच. त्यामुळे क्रम ठरलेला आहे, आधी अर्ज मग व्हिडिओ. त्याआधी साचा बनवणाऱ्याला ड्रॉइंग दाखवावंच लागतं, तर त्याच्याकडून गुप्ततेचा करार लिहून घ्यायचा. एका देशात अर्ज केला की पेटंटसारख्या हक्कांबद्दलच्या पॅरिस करारामुळे १२ महिने हातात असतात, तेवढ्यात दुसऱ्या सदस्य देशांत अर्ज केला तर पहिलीच तारीख धरली जाते.

उशीर सोडा, पेटंट घेतलंच नाही तर काय होतं त्याचं उदाहरण याच बाटलीच्या खानदानात आहे. निर्वात भिंतींचं भांडं जेम्स ड्युअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये बनवलं, त्याला अतिथंड द्रवरूप वायू साठवायचे होते. पेटंट काही घेतलं नाही. पुढे १९०४ मध्ये जर्मनीत थर्मॉस नावाची कंपनी निघाली आणि तीच कल्पना घराघरात विकायला लागली, ड्युअर कोर्टात गेला आणि हरला.

बरं, अर्जात लिहायचं काय? इथे स्लाइड एकदम गप्प असते, आणि खरं काम इथेच आहे. पेटंट बाटलीला मिळत नाही, मिळतं ते क्लेम नावाच्या वाक्याला, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्याला. आपला पहिला मसुदा बघा.

(स्क्रीनवर: मसुदा वाचला जातो.)

"द्रवाच्या भांड्याचं झाकण, ज्यात एक बटन, वाफेची झडप, तोंडाची झडप आणि स्टीलची स्प्रिंग आहे, आणि बटनाच्या पहिल्या टप्प्यात वाफेची झडप व दुसऱ्या टप्प्यात तोंडाची झडप उघडते."

दिसायला छान आहे. पण क्लेममधला प्रत्येक भाग समोरच्याच्या वस्तूत सापडला तरच सहसा उल्लंघन ठरतं. मग नक्कल करणारा काय करेल, स्टीलची स्प्रिंग काढून सिलिकॉनचा लवचिक तुकडा टाकेल आणि निवांत बसेल. स्टील हा शब्द आपणच लिहून दिला, कोणी मागितला नव्हता. म्हणून मुख्य क्लेममध्ये "बटन परत वर आणणारा घटक" एवढंच लिहायचं, आणि स्टीलची स्प्रिंग त्या मुख्य क्लेमवर अवलंबून असणाऱ्या खालच्या क्लेममध्ये टाकायची.

पण फार मोकळं लिहिलं की दुसऱ्या बाजूने मार बसतो. "वाफ सोडणारी झडप असलेलं झाकण" असं लिहिलं तर तपासणारा अधिकारी प्रेशर कुकर पुढे करेल, संपला विषय. बटन दाबून उघडणारी झाकणं पण जुनीच आहेत. तो म्हणेल, हे जुनं आणि ते जुनं जोडलं, यात डोकं काय लावलंत? त्याला उत्तर द्यायचं तर जोर कशावर, तर त्या अडवण्यावर. दाबच बटनाला रोखतो, म्हणजे माणूस घाईत असला तरी क्रम मोडता येत नाही. पहिल्या मसुद्यात नेमकं तेच लिहिलेलं नाही! आणि मूळ अर्जाच्या वर्णनात कुठेच ते नसेल तर नंतर घुसडता येत नाही, त्या तारखेला जे कागदावर होतं तेवढंच तुमचं.

सगळं जमलं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, ते पण फी भरत राहिलात तर आणि जिथे पेटंट घेतलंय त्याच देशांत. अजून एक, पेटंट मिळालं म्हणजे बाटली विकायची परवानगी मिळाली असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं अजिबात नाही. पेटंटने दुसऱ्याला अडवता येतं एवढंच. बटनाच्या एखाद्या भागावर दुसऱ्या कोणाचं पेटंट चालू असेल तर तो तुम्हाला अडवू शकतो, तुमचं पेटंट हातात असताना.

(स्क्रीनवर: बाटलीची बाह्यरेषा, कमरेपाशी पिळलेली.)

आता बाटलीचा आकार. कमरेपाशी तिला एक पीळ दिलाय, दिसायला वेगळी म्हणून. याचं काय? तीन रकान्यांत शोधून सापडणार नाही, कारण हा चौथा हक्क आहे, डिझाइनचं रजिस्ट्रेशन. तो फक्त दिसण्याला मिळतो. पीळ हातात पकड बसावी एवढ्यासाठीच असेल तर तो उपयोगाचा भाग झाला आणि डिझाइनमध्ये अडचण येते. डिझाइनलाही नवेपणा लागतो, म्हणून व्हिडिओआधी हा अर्ज पण.

काही जण म्हणतात आकाराचाच ट्रेडमार्क घेऊ, तो तर दर १० वर्षांनी वाढवत कायम ठेवता येतो. खेळण्यातल्या विटा बनवणाऱ्या लेगोने हे करून बघितलंय. विटांचं पेटंट संपल्यावर विटेचा आकार ट्रेडमार्क म्हणून टिकवायचा प्रयत्न झाला, आणि २०१० मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने नाही म्हटलं, कारण तो आकार विटा एकमेकींत बसण्यासाठी लागतो, आणि जे काम करतं त्यावर कायमचा हक्क मिळत नाही. आपलं बटनही त्यातच मोडतं.

(स्क्रीनवर: वाफोबा, लोगो.)

नावाचं काम तसं सोपं. "गरम बाटली" असं नाव ठेवलं असतं तर रजिस्टर व्हायला जड गेलं असतं, कारण वस्तूचं वर्णन करायचे शब्द सगळ्यांनाच लागतात. वाफोबा वस्तूकडे इशारा करतो पण सांगून टाकत नाही, म्हणून चालेल. अर्ज वस्तूंच्या वर्गात होतो, बाटली येते वर्ग २१ मध्ये. उद्या त्याच नावाच्या पाठीवरच्या पिशव्या काढायच्या तर वर्ग १८ लागेल.

नाव फार गाजलं तर मात्र उलटंच संकट. थर्मॉस हे नाव लोकांनी अशा कुठल्याही बाटलीला लावलं, आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने सांगितलं की हा आता वस्तूचाच शब्द झालाय, दुसऱ्या कंपनीनेही काही अटींवर वापरावा. म्हणून कंपन्या जाहिरातीत नुसतं नाव न लिहिता नावापुढे "बाटली" किंवा "फ्लास्क" जोडतात.

(स्क्रीनवर: पत्रक, खोका, फोटो.)

राहिला कॉपीराइट, स्लाइडवर पहिला आणि इथे शेवटी. पत्रकातला मजकूर, खोक्यावरचं चित्र, फोटो, व्हिडिओ हे सगळं बनल्याक्षणी संरक्षित, कॉपीराइटबद्दलच्या बर्न करारामुळे रजिस्ट्रेशनची अट नाही. पण पत्रकातलं झाकणाचं चित्र माझं आहे म्हणून ते झाकण कोणी बनवू नये, हे चालत नाही. चित्र कॉपी करायचं नाही एवढाच हक्क, चित्रात दाखवलेली युक्ती मोकळी. आणि लोगो बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतला असेल तर पैसे दिले म्हणून कॉपीराइट आपोआप आपला झाला असं धरू नका, बऱ्याच देशांत तो लेखी लिहून घ्यावा लागतो. ट्रेडमार्क तुमच्या नावावर आणि चित्राचा कॉपीराइट दुसऱ्याकडे, असं खरंच होतं.

(स्क्रीनवर: चार नकली बाटल्या.)

आता बाजारात चार नकला आल्या असं समजू. पहिलीचं नाव वेगळं, रूप वेगळं, झाकण अगदी तेच, ती पेटंटमध्ये अडकते. दुसरीचा पीळ सेम टू सेम पण झाकण साधं फिरवायचं, तिला डिझाइन. तिसरीने बाटली स्वतःची बनवली, नाव ठेवलं वाफूबा आणि विकायला फोटो मात्र आपले लावले, तिथे नावासाठी ट्रेडमार्क आणि फोटोंसाठी कॉपीराइट, दोन वेगळे दावे. चौथीने वाफेसाठी वेगळं बटन दिलंय, आधी ते दाबा मग दुसरं, आणि दाबाने अडवायची भानगडच नाही. कल्पना सरळसरळ आपल्यावरून घेतलेली, हे कोणालाही दिसतंय. पण आपल्या क्लेममध्ये एकच बटन आणि दोन टप्पे आहेत. ती बाटली उघडपणे विकली जाईल.