मंगळवार आणि गुरुवार

रत्नागिरी जिल्ह्यातील बंदरालगतच्या या शाळेच्या भिंतीवर इंग्रजी वारांची सात नावे ओळीने रंगवलेली आहेत, आणि मुले ती चालीवर न अडखळता म्हणतात. मात्र मंगळवारला काय म्हणतात असे विचारले, की पुढच्या बाकावरची मुलगी ‘थर्सडे’ म्हणते. विचारात घेण्याजोगी गोष्ट ही, की तिचे उत्तर चुकले तरी आठवड्याच्या बाहेर गेलेले नाही. तिला शब्द येत नाही असे नव्हे. दोन शब्दांच्या जागा बदलल्या आहेत. गुरुवारसाठी तर ती ‘मंडे’पासून बोटे मोजत जाते, कारण तिच्या हाती लागला आहे तो क्रम.

एकाच दिवशी, एकाच भिंतीवरून, जवळच्या अर्थाचे शब्द शिकवले की त्यांतला एक आठवताना दुसराही पुढे येतो, आणि ‘ट्यूसडे-थर्सडे’सारखा उच्चारही जवळचा असला की निवड आणखी कठीण होते. भाषाशिक्षणाचे संशोधक टिंकहॅम यांनी 1993 आणि 1997 मध्ये, तर वॉरिंग यांनी 1997 मध्ये जपानी विद्यार्थ्यांसोबत, कृत्रिम शब्द वापरून प्रयोग केले. जवळच्या अर्थाच्या एका गटातले शब्द पाठ व्हायला असंबद्ध शब्दांपेक्षा अधिक प्रयत्न लागले. टिंकहॅम यांना असेही आढळले, की एकाच प्रसंगात येणारे निरनिराळ्या जातीचे शब्द तुलनेने सहज लक्षात राहतात.

असा प्रसंग शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. संध्याकाळी होड्या लागतात, निळ्या क्रेटमधून मासळी उतरते, तिच्यावर बर्फ पडतो आणि लिलावाच्या बोली सुरू होतात. बाई येथूनच ‘बोट’, ‘आइस’, ‘बाय’, ‘हेवी’ आणि ‘ब्लू’ हे पाच शब्द उचलतात. वस्तू, क्रिया आणि गुण अशी सरमिसळ असल्याने एका शब्दाच्या जागी दुसरा बसत नाही. रंग यांत एकच आहे. ‘ग्रीन’ काही आठवड्यांनी, आंब्याच्या कैऱ्यांबरोबर येईल.

वारांचेही तसेच. गावचा आठवडा बाजार गुरुवारी भरतो, म्हणून ‘थर्सडे’ आधी आला, तोही ‘बॅग’, ‘ड्राय’ आणि ‘सेल’ यांच्या सोबतीने, सुक्या मासळीच्या वाट्यांसमोर. तो विचारताक्षणी, बोटे न मोजता येऊ लागल्यावरच ‘ट्यूसडे’ची पाळी आली. मंगळवार येथे गणपतीचा वार असल्याने त्याच्यासोबत ‘टेम्पल’, ‘बेल’ आणि ‘रेड’ आले, जास्वंदीच्या हारासाठी. दोन्ही शब्द स्वतंत्रपणे पक्के झाल्यावर ते शेजारी ठेवून फरक दाखवायला हरकत नाही. भिंतीवरचा तक्ताही तेव्हा उजळणीला उपयोगी पडतो. ही रीत वेळखाऊ आहे, आणि पाठ्यपुस्तकातला वारांचा धडा एका तासात संपवायचा असला की तिची अडचण होते.

आज पुन्हा मंगळवार विचारला आहे. ती भिंतीकडे पाहत नाही.