लेन्स डोळ्यात असताना वर चष्मा कशाला?

जन्मजात मोतीबिंदू काढल्यानंतर बाळाच्या डोळ्यात भिंग उरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत कृत्रिम भिंग आत बसवण्याची घाई सहसा केली जात नाही. अमेरिकेत एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या 114 तान्ह्या मुलांचा अभ्यास झाला. त्यात काहींना भिंग बसवले होते, तर काहींना कॉन्टॅक्ट लेन्स दिली होती. साडेचाराव्या वर्षी दोन्ही गटांची नजर साधारण सारखीच निघाली, मात्र भिंग बसवलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया अधिक कराव्या लागल्या. म्हणून आपण लेन्स देतो, तीही +29 किंवा +32 अशा मोठ्या नंबरची.

लेन्स घालताना दोन माणसे असावीत. नखे कापलेली आणि हात साबणाने धुऊन कोरडे केलेले असावेत. बाळाला हातांसकट दुपट्यात गुंडाळून एकाने डोके स्थिर धरावे. दुसऱ्याने अंगठ्याने वरची पापणी उचलून तर्जनीवरची लेन्स आधी तिच्याखाली सरकवावी आणि मग खालची पापणी हलकेच ओढून सोडावी. बाळ रडत असेल, तर पापण्या घट्ट मिटतात. अशा वेळी थांबून दूध पाजून झाल्यावर प्रयत्न करणे शहाणपणाचे. लेन्सला नळाचे पाणी लागू देऊ नये. ती रात्री काढायची की काही दिवस ठेवायची, हे लेन्सच्या प्रकारावर आणि डॉक्टरांच्या सूचनेवर अवलंबून आहे. डोळा लाल झाला, बाळ उजेडाकडे बघेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आता चष्म्याकडे वळू. भिंगाविना डोळा जवळचे आणि दूरचे असा फोकस स्वतः बदलू शकत नाही. तान्ह्या बाळाचे जग हातभर अंतराचे असते, म्हणून लेन्सचा नंबर मुद्दाम दोन-तीनने वाढवून दिला जातो. मूल चालू लागले की दूरचेही स्पष्ट दिसायला हवे आणि तिथे एकट्या लेन्सचे भागत नाही.

समजा, एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढलेल्या दोन वर्षांच्या मुलाला त्या डोळ्यात दूरसाठी +24.5 हवा आहे. सिलिकॉन इलास्टोमरची लेन्स या टप्प्यात तीन-तीनच्या अंतराने मिळते: +23, नंतर थेट +26. आपण +23 घेतली, तर उरलेला +1.5 चष्म्याच्या वरच्या भागात आणि जवळसाठी तीन वाढवून +4.5 खालच्या भागात येतो. दुसऱ्या, निरोगी डोळ्यासमोर बिननंबरची पॉलिकार्बोनेटची काच असते, कारण भरवशाच्या त्या डोळ्याला इजा होऊन चालणार नाही. मोतीबिंदू काढलेला डोळा आळशी राहू नये, म्हणून निरोगी डोळ्यावर दिवसाचे काही तास पट्टीही लावली जाते.

दुकानात बायफोकलची रेघ अनेकदा मोठ्यांच्या मापाने खाली ठेवतात. लहान मूल नजर खाली झुकवून वाचत नाही, ते सरळ वरच्या काचेतूनच पाहत राहते. म्हणून चष्मा घेताना तो मुलाच्या नाकावर ठेवून रेघ बाहुलीच्या मध्यावर येते ना, हे तिथल्या तिथे तपासावे.