शंभरातला एक हळू सर्व्हर आणि त्याचं काय करायचं

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित)

आज मला फक्त एका प्रकारच्या सिस्टिमबद्दल बोलायचंय, जिथे युजरची एक रिक्वेस्ट येते आणि आत जाऊन तिच्या शंभर रिक्वेस्ट होतात. सर्च हे सरळ उदाहरण, इंडेक्सचे शंभर तुकडे शंभर सर्व्हरवर पडलेले, मग प्रश्न शंभरही जणांना विचारायचा, उत्तरं गोळा करायची, लावायची, परत द्यायची. वरच्याला रूट म्हणू, खालच्यांना लीफ. यात गंमत अशी की रूटला सगळ्यात शेवटच्या लीफची वाट बघावी लागते. नव्व्याण्णव जण कितीही फास्ट असले तरी उपयोग नाही, उरलेला एक जेव्हा देईल तेव्हाच उत्तर जाणार.

आता समजा प्रत्येक लीफ छान आहे. शंभरातल्या ९५ कॉलना २० मिलिसेकंदांच्या आत उत्तर देतो, ९९ कॉलना ५० च्या आत, आणि उरलेला एक कधी गार्बेज कलेक्शनमध्ये अडकला, कधी डिस्कवर बॅकग्राउंडला कॉम्पॅक्शन चालू होतं, कधी त्याच्या रांगेत एक भलीमोठी क्वेरी पुढे होती, अशा काहीतरी कारणाने अगदी सेकंदभर घेतो. त्या लीफच्या टीमला विचारलं तर म्हणतील आमचा पी९९, म्हणजे ९९ टक्के कॉल ज्या वेळेच्या आत येतात तो वेळ, पन्नास आहे, मस्त चाललंय. आणि त्यांचं बरोबरच आहे. पण रूटवरून बघा, शंभरच्या शंभर लीफ ५० च्या आत येण्याची शक्यता किती?

```
0.99^100 ≈ 0.366
```

म्हणजे ३७ टक्के. उरलेल्या ६३ टक्के युजरना निदान एक तरी हळू लीफ भेटणारच. लीफच्या ग्राफवर जो शंभरातला एक वाईट कॉल होता तो रूटवर येईपर्यंत बहुतेकांचा रोजचा अनुभव झाला. हे गणित माझं नाही, जेफ डीन आणि लुइझ बारोसो या गूगलच्या दोघांनी २०१३ च्या ‘द टेल अॅट स्केल’ या लेखात असंच मांडलंय आणि तिथेही हाच ६३ टक्क्यांचा आकडा आहे. त्यात त्यांनी त्यांच्या एका खऱ्या सर्व्हिसची मोजमापं पण दिलीत, सगळे लीफ येईपर्यंत थांबलं तर पी९९ १४० मिलिसेकंद, आणि पहिले ९५ टक्के आले की थांबायचं ठरवलं तर ७०. म्हणजे निम्मा वेळ फक्त शेवटच्या पाच टक्क्यांची वाट बघण्यात गेला.

लोक इथे पहिल्यांदा काय करतात, तर लीफ फास्ट करायला बसतात. करा, जरूर करा, पण सामायिक मशीनवर, सामायिक नेटवर्कवर तुम्ही सगळी कारणं कधीच संपवू शकत नाही. एक गेलं की दुसरं येतं. त्यामुळे हळू लीफ असणारच हे धरून चालायचं आणि त्याला वरून टाळायचं.

हेज्ड रिक्वेस्टची आयडिया ऐकायला फारच साधी आहे. त्याच डेटाच्या दोन-तीन कॉप्या वेगवेगळ्या सर्व्हरवर असतातच, आपण त्यांना रेप्लिका म्हणतो. एकाला विचारलं, थोडा वेळ थांबलो, नाही आलं उत्तर तर तोच प्रश्न दुसऱ्या रेप्लिकाला पाठवायचा, जो आधी देईल त्याचं घ्यायचं आणि दुसऱ्याला सांगायचं राहू दे. सगळी गोम त्या ‘थोडा वेळ’ मध्ये आहे. लगेच पाठवलं तर लोड दुप्पट. फार थांबलात तर फायदा काहीच नाही.

आपल्या उदाहरणात पी९५ म्हणजे २० मिलिसेकंद थांबू. २० पर्यंत ९५ टक्के कॉल आलेलेच असतात, म्हणजे दुसरा कॉल फक्त पाच टक्क्यांसाठी जातो, जास्तीचं काम पाच टक्के. आता एखादा लीफ ७० मिलिसेकंदांपर्यंत पण आला नाही असं व्हायला काय व्हावं लागेल? मूळ कॉल त्या वाईट एक टक्क्यात पडला पाहिजे, आणि २० ला निघालेला दुसरा कॉल पण ५० पेक्षा जास्त खाणारा, म्हणजे तोही त्याच्या वाईट एक टक्क्यात. एक टक्क्याचा एक टक्का, दहा हजारात एक. शंभर लीफना धरलं तर साधारण एक टक्का युजर. आधी ६३ टक्के युजर ५० च्या पलीकडे जात होते आणि त्यातले बरेचसे सेकंदभर लटकत होते, आता ९९ टक्के लोक ७० च्या आत, पाच टक्के जास्त कामात. त्याच लेखात गूगलच्या बिगटेबल या डेटाबेसवरचा एक प्रयोग आहे, शंभर सर्व्हरवर पसरलेल्या हजार कीज वाचायच्या, १० मिलिसेकंदांनी हेज पाठवायचा, तर पी९९.९ हा १८०० वरून ७४ मिलिसेकंदांवर आला आणि जास्तीच्या रिक्वेस्ट फक्त दोन टक्के.

एक गोष्ट जाता जाता, लोकांना वाटतं हेज म्हणजे क्वचित होणारी गोष्ट. लीफ कॉलच्या हिशोबात हो, पण रूटवरून बघितलं तर प्रत्येक युजर रिक्वेस्टमागे सरासरी पाच हेज जातायत. हा कोड कोपऱ्यात पडून राहणारा नाहीये, तो सतत चालतो, त्यामुळे त्याचं टेस्टिंग पण तसंच करा.

आता मी वर जे एक टक्का गुणिले एक टक्का केलं ना, तिथे एक गृहीतक लपलंय, की दोन्ही रेप्लिका स्वतंत्र कारणांनी हळू होतात. कारण GC म्हणजे गार्बेज कलेक्शन असेल तर ठीक, दोघांचा GC एकाच वेळी होणं अवघडच. पण क्वेरीच जड असली तर? ती दुसरीकडे पण तितकीच जड. किंवा दोन्ही रेप्लिका एकाच फिजिकल मशीनवर असल्या तर? मग तुम्ही फक्त दुप्पट काम केलंत. हे ओळखायला एक आकडा नक्की ठेवा, पाठवलेल्या हेजपैकी किती हेज मूळ कॉलच्या आधी आले. अर्धे किंवा जास्त जिंकत असतील तर छान. शंभरातले पाचच जिंकत असतील तर बहुधा कारण दोघांना सामायिक आहे आणि हेजिंगने ते जाणार नाही, सरळ त्या क्वेरीकडे बघा.

याहून वाईट म्हणजे ओव्हरलोड, आणि यात मी जरा वेळ घेणार आहे कारण हेजिंग लावून सिस्टिम पडते ती इथेच. समजा सर्व्हर ६० टक्के भरलेले आहेत आणि तुम्ही २० मिलिसेकंद हा आकडा कॉन्फिगमध्ये कायमचा लिहून ठेवलाय. एक दिवस नवीन रिलीज गेलं, कॅशे रिकामे झाले आणि सगळेच लीफ २५ मिलिसेकंदांवर गेले. फक्त पाच मिलिसेकंद वाढले, एरवी कोणाला कळलं पण नसतं. पण आता प्रत्येक कॉल २० ओलांडतोय, म्हणजे प्रत्येक कॉलचा हेज जातोय, ६० चे १२० टक्के झाले. रांग वाढायला लागली, रांगेमुळे लेटन्सी अजून वाढली, आणि काही वेळाने कॅशे भरले तरी सिस्टिम परत येत नाही, कारण आता हळूपणाचं कारण कॅशे नाहीये, हेज हेच कारण आहे. अशा वेळी रात्री तीनला जो माणूस जागा असेल त्याच्याकडे हेजिंग बंद करायचं एक बटण असलंच पाहिजे, रिलीज न करता बंद होणारं.

आणि ती वेळ येऊ नये म्हणून बजेट ठेवायचं. प्रत्येक साध्या कॉलमागे बादलीत ०.०७ टोकन टाकायचं, प्रत्येक हेजला एक टोकन काढायचं, बादली रिकामी तर हेज नाही, गपचूप वाट बघा. नेहमीचा खप पाच टक्के आहे म्हणून सातवर ठेवलंय, बरोबर पाचवर ठेवलंत तर चांगल्या दिवशी पण अधूनमधून टोकन संपेल. बादलीला वरची मर्यादा पण हवी, नाहीतर रात्रभर साठलेली टोकनं सकाळी एकदम उडतील. आता त्या वाईट दिवशी ६० चे जास्तीत जास्त ६४ होतात, १२० नाही.

काही जण म्हणतात की २० लिहूच नका, चालू पी९५ मोजा आणि तोच थांबायचा वेळ ठेवा. चांगलं आहे, पण यात एक छुपा खड्डा आहे. हेज जिंकला की तुम्ही मूळ कॉल कॅन्सल करता, आणि बऱ्याच लायब्ररीत कॅन्सल झालेल्या कॉलची लेटन्सी मोजलीच जात नाही. म्हणजे हळू कॉल मोजणीतून गायब, पी९५ खोटाच चांगला दिसतो, थांबायचा वेळ कमी होतो, अजून हेज जातात, अजून हळू कॉल गायब. वेळ हळूहळू खाली सरकत राहतो. म्हणून कॅन्सल झालेला कॉल निदान ‘एवढा वेळ तरी झाला होता’ असा नोंदवायचाच.

ज्यांना तयार काही वापरायचंय त्यांच्यासाठी gRPC या रिमोट कॉलच्या फ्रेमवर्कच्या सर्व्हिस कॉन्फिगमध्ये हे असं लिहितात, पण सगळ्या भाषांच्या लायब्ररीत ते चालतंच असं नाही, आधी तपासा:

```json
"hedgingPolicy": {
  "maxAttempts": 2,
  "hedgingDelay": "0.02s",
  "nonFatalStatusCodes": ["UNAVAILABLE"]
}
```

maxAttempts मध्ये मूळ कॉल पण धरलेला असतो, म्हणजे इथे एकच हेज. त्याच्यासोबत येणारं retryThrottling हे बजेट नाही बरं का, ते फेल झालेले कॉल मोजतं. हळू पण यशस्वी कॉल त्याला दिसतच नाहीत, आणि आपला वाईट दिवस तर अगदी तसाच होता.

टाइमआउटकडे येऊ. हेजने दहा हजारातला एक उरला, त्याच्यासाठी टाइमआउट. पण प्रत्येक लेयरला स्वतःचा वेगळा टाइमआउट देऊ नका. रूटने डेडलाइन ठरवायची, समजा २०० मिलिसेकंद, आणि खाली देताना उरलेला वेळ द्यायचा. लीफच्या रांगेत रिक्वेस्ट २०० नंतर वर आली तर तिला हातच लावायचा नाही, कारण वर ऐकायला कोणी उरलेलंच नाही. हे नसेल तर लोड वाढल्यावर सर्व्हर मेलेल्या रिक्वेस्टवर राबत बसतो आणि जिवंत रिक्वेस्ट मागे कुजतात. कॅन्सलचं पण तसंच, क्लायंटने कॅन्सल पाठवलं पण सर्व्हरच्या लूपने ते कधी बघितलंच नाही तर तुमचा पाच टक्के जास्त कामाचा हिशोब कागदावरच.

२०० झाले आणि ९८ लीफ आलेत, तर सर्चमध्ये ९८ चं उत्तर द्या, फक्त ते अपुरं आहे अशी खूण सोबत ठेवा आणि मुख्य म्हणजे ते कॅशेत टाकू नका, नाहीतर दोन हळू लीफमुळे अर्धवट निकाल पुढे तासभर सगळ्यांना दिसत राहील. खात्यातली शिल्लक काढताना मात्र ९८ तुकड्यांची बेरीज चालत नाही, तिथे सरळ एरर द्या.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग हे राइटला पण लावायचं का?)

राइटला मी हेज लावत नाही शक्यतो. रीड दोनदा झालं तर फक्त काम वाया जातं, ऑर्डर दोनदा झाली तर दोन ऑर्डर होतात, आणि कॅन्सल पोचेपर्यंत दोन्हीकडे लिहून झालेलं असू शकतं. लावायचंच असेल तर क्लायंटने एक रिक्वेस्ट आयडी बनवायचा, दोन्ही कॉलमध्ये तोच, आणि स्टोरेजने तो आयडी आधी दिसला असेल तर दुसऱ्यांदा काही न करता पहिलंच उत्तर परत द्यायचं. हा आयडीचा चेक दोन्ही रेप्लिकांना सामायिक जागी हवा. प्रत्येक रेप्लिकाने आपापल्या मेमरीत ठेवला तर हेज मुद्दाम दुसरीकडे जातो, तिथे तो आयडी नवाच असतो.