वरची रेघ म्हणजे उशीर नव्हे! दोन कुरिअरचा ईसीडीएफ आलेख वाचताना

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत दोन कुरिअर सेवांचा ईसीडीएफ आलेख, म्हणजे किती तासांत किती टक्के पार्सलं पोहोचली ते दाखवणारा आलेख, जेमतेम दहा सेकंद दाखवला होता, आणि कमेंट्समध्ये नुसती झुंबड उडाली. त्यातल्या निम्म्या कमेंट्सचा सूर एकच: "निळी रेघ वर आहे, म्हणजे निळं कुरिअर जास्त वेळ घेतं ना?" नाही हो! बरोबर उलटं आहे. म्हणून आजचा व्हिडिओ.

आलेख काढणं सोपं आहे, ते पटकन उरकतो. प्रत्येक पार्सलला बुकिंगपासून हातात पडेपर्यंत किती तास लागले ते लिहा, आकडे चढत्या क्रमाने लावा. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर टक्के. डावीकडून निघायचं आणि पार्सल पोहोचलं की एक पायरी वर चढायचं. वीस पार्सलं असतील तर एक पायरी 5 टक्क्यांची. झाला ईसीडीएफ. पायथॉनवाल्यांसाठी पडद्यावर देतोय, मॅटप्लॉटलिब 3.8 किंवा पुढचं हवं. a आणि b चे आकडे खाली येतात, ते आधी लिहा. उभ्या अक्षावर 0 ते 1 दिसेल, 1 म्हणजे 100 टक्के:

```
import matplotlib.pyplot as plt

plt.ecdf(a, label="A")
plt.ecdf(b, label="B")
plt.legend()
plt.show()
```

आता आकडे. उदाहरणासाठी मीच तयार केलेत, पण रोज दिसतात तसेच आहेत. तास मोजलेत.

```
a = [18,20,21,22,22,23,24,25,26,27,
     28,30,33,40,47,58,71,76,90,98]
b = [30,32,33,34,35,36,36,37,38,38,
     39,40,41,42,43,44,45,46,47,52]
```

सरासरी काढली तर पहिल्याची जवळजवळ 40 तास, दुसऱ्याची 39.4. म्हणजे सरासरी बघणारा म्हणेल, दोन्ही सारखेच, स्वस्त असेल ते घ्या. आता आलेख बघा. पहिल्याची रेघ डावीकडे लवकर सुरू होते, झपझप चढते आणि मग दमल्यासारखी आडवी पसरत जाते. दुसऱ्याची रेघ 30 तासांपर्यंत जमिनीला चिकटलेली, मग जवळजवळ सरळ उभी.

आता ती वर-खालची भानगड. 30 तासांवर बोट ठेवा आणि सरळ वर जा. दुसऱ्याची रेघ 5 टक्क्यांवर भेटते, पहिल्याची 60 वर. याचा अर्थ 30 तासांत पहिल्याने वीसपैकी 12 पार्सलं पोहोचवली, दुसऱ्याने फक्त 1. वरची रेघ कोणाची? ज्याचं काम जास्त झालंय त्याची.

अजून पटत नसेल तर आडवं वाचा. उभ्या अक्षावर 50 टक्क्यांवर बोट ठेवा आणि उजवीकडे सरकवा. आधी कोण आडवं येतं? पहिलं, 27 तासांवर. दुसरं भेटायला 38 तासांपर्यंत जावं लागतं. अर्धी पार्सलं पोहोचायला दुसऱ्याला 11 तास जास्त लागले. वेळ आडव्या अक्षावर आहे मंडळी, त्यामुळे उशीर उजवीकडे असतो. वरती उशीर राहतच नाही!

गोंधळ का होतो तेही मला कळतं. आपल्याला वेळ उभ्या अक्षावर बघायची सवय असते. खांब उंच तर वेळ जास्त. मी स्वतः एका बैठकीत हाच आलेख दाखवला होता आणि साहेबांनी वरच्या रेघेकडे बोट दाखवून सांगितलं, "हे बंद करा, फार लांबवतात." मी गप्प बसलो. तीन आठवडे आम्ही हळू कुरिअर वापरलं. त्या दिवसापासून अशा आलेखावर मी मोठ्या अक्षरात लिहितो: "आतापर्यंत पोहोचलेली पार्सलं, टक्के". उभ्या अक्षाला नुसतं "टक्के" असं नाव देणाऱ्यांवर माझा राग आहे, तो आहेच.

एकाने विचारलंय, "मग पहिलं कुरिअरच चांगलं, विषय संपला?" थांबा. रेघा 42 तासांवर, 70 टक्क्यांपाशी भेटतात आणि त्यापुढे दुसरी वर जाते. 48 तासांवर बघा: पहिल्याची 75 टक्के, दुसऱ्याची 95. दुसऱ्याचं शेवटचं पार्सल 52 तासांत पोहोचलं. पहिल्याची पाच पार्सलं तेव्हाही वाटेत होती, शेवटचं 98 तासांनी आलं. उजवीकडे पसरलेली ती लांबलचक शेपटी म्हणजे वाट बघून वैतागलेली माणसं. सरासरीत ती दिसली नाहीत, कारण लवकर गेलेल्या पार्सलांनी झाकून टाकली.

म्हणून रेघा एकमेकींना छेदत असतील तर "कोण वेगवान" हा प्रश्नच अपुरा आहे. तुम्ही ग्राहकाला काय कबूल केलंय? दोन दिवसांत देतो असं सांगितलं असेल तर 48 वर उभी रेघ मारा, तिथे जी वर ती घ्या. तातडीचं एखादं पार्सल आहे, सव्वा दिवसाच्या आत पोहोचलं तरच उपयोग, तर 30 वर मारा आणि पहिलं घ्या. पण ती उभी रेघ आलेख बघण्याआधी ठरवा. आलेख बघून जागा निवडली तर आवडतं कुरिअर जिंकेल अशी जागा सापडतेच. माझ्याकडूनही झालंय.

एक जण म्हणाला, त्याच्या दोन्ही रेघांमध्ये 5 टक्क्यांचा फरक दिसतोय, कुरिअर बदलू का? वीस-वीस पार्सलांवर 5 टक्के म्हणजे एक पार्सल. एका पार्सलासाठी कुरिअर कोण बदलतं? आमच्या उदाहरणात 30 तासांवरचा फरक 55 टक्क्यांचा आहे, तो नजरेआड करता येत नाही.

आता सगळ्यात कावेबाज चूक. एका प्रेक्षकाने फाईल पाठवली, दोन्ही रेघा छान 100 टक्क्यांना टेकलेल्या. विचारलं, न पोहोचलेल्या पार्सलांचं काय केलं? म्हणाला, "तास रिकामे होते, त्या ओळी काढून टाकल्या." अहो! समजा दुसऱ्या कुरिअरने 22 पार्सलं घेतली आणि दोन कधीच पोहोचली नाहीत. मग 48 तासांवर 20 पैकी 19 असं म्हणता येत नाही, 22 पैकी 19 म्हणायचं. 95 चे 86 टक्के झाले, आणि रेघ 91 टक्क्यांवरच थांबली. थांबू द्या, तीच तिची खरी उंची. हरवलेलं पार्सल मोजायचंच नाही ठरवलं, तर सगळ्यात निष्काळजी कुरिअरचा आलेख सगळ्यात देखणा येईल.

मात्र कालच बुक झालेलं पार्सल हरवलेलं नसतं, त्याला अजून वेळच मिळालेला नाही. त्यासाठी सोपा उपाय: दोन्ही कुरिअरसाठी एकच तारीख ठरवा, आणि आजपासून किमान सात दिवस आधी बुक झालेली पार्सलंच मोजा. सात दिवसांत पोहोचली नाहीत, तर ती न पोहोचलेली म्हणून धरा.

आणि हो, काहींची रेघ जिन्यासारखी दिसते, 24, 48, 72 तासांवर सरळ उभी उडी. घाबरू नका. कुरिअरवाले नेमक्या त्याच क्षणी दार ठोठावत नाहीत. तुमच्या फाईलमध्ये फक्त दिवस नोंदवलेला असतो. अशा फाईलमधून "दोन तास लवकर" वगैरे काही वाचू नका, तेवढं त्यात नाहीच. ज्यांची फाईल अशी आहे त्यांनी आधी बुकिंग आणि डिलिव्हरी दोन्हींची घड्याळाची वेळ मिळते का ते कुरिअरला विचारा, आणि मग मला कमेंट करा.