बंद लिफाफ्यातला लिलाव: पहिली किंमत की दुसरी?

मंडळी, नगरपालिकेचा एक गाळा वर्षभराच्या भाड्याने द्यायचा आहे, असं धरू. तीन जणांनी लिफाफे टाकलेत. औषधांच्या दुकानदाराला तो गाळा वर्षाला जास्तीत जास्त ९० हजारांना परवडतो, मिठाईवाल्याला ८० हजारांना आणि शिंप्याला ३० हजारांना. हे ज्याचं त्याचं ‘मूल्य’. प्रत्येकाला स्वतःचं मूल्य ठाऊक आहे. इतरांबद्दल मात्र एवढंच माहीत आहे की त्यांचं मूल्य शून्य ते १२० हजारांच्या दरम्यान कुठेही, सारख्याच शक्यतेने असू शकतं.

दोन्ही पद्धतींत सर्वांत मोठी बोली जिंकते. फरक पैसे भरण्यात आहे. पहिल्या किमतीच्या लिलावात जिंकणारा स्वतःची बोली भरतो, तर दुसऱ्या किमतीच्या लिलावात त्याच्या खालोखालची बोली भरतो.

दुसरी पद्धत आधी घेऊ, कारण तिथे डोकं कमी चालवावं लागतं. औषधवाल्याने सरळ ९० लिहावेत. त्याने हात आखडून ७५ लिहिले, तर ८०वाला मिठाईवाला गाळा घेऊन जाईल आणि याचा १० हजारांचा फायदा बुडेल. उलट जोरात येऊन १०० लिहिले आणि समोरून ९५ची बोली आली, तर गाळा मिळेल खरा, पण ९० हजारांच्या वस्तूला ९५ भरावे लागतील. बोली फक्त जिंकणं-हरणं ठरवते, किंमत दुसराच कोणी ठरवतो. म्हणून इतर काहीही लिहोत, खरं मूल्य लिहिण्यात तोटा नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली हे मांडलं.

पहिल्या किमतीत ९० लिहिले तर जिंकूनही हाती काही उरत नाही. बोली कमी करावीच लागते, पण किती? तीन बोलीदार असताना समतोल बोली, म्हणजे सगळेच तशी लिहीत असताना जी बदलून कोणाचाच फायदा होत नाही ती, निघते मूल्याच्या दोन-तृतीयांश. ही पडताळून पाहता येते. इतर दोघे याच हिशेबाने लिहितात असं धरा. मग त्यांची प्रत्येकाची बोली शून्य ते ८० हजारांच्या दरम्यान पडते आणि b हजारांची बोली त्या दोघांना हरवण्याची शक्यता (b/80)² होते. औषधवाल्याचा सरासरी फायदा असा:

```
(90 - b) × (b/80)²
b = 50 : 15.6
b = 60 : 16.9
b = 70 : 15.3
```

५० लिहिले तर जिंकल्यावर जास्त उरतं, पण जिंकण्याची शक्यता फार घटते. ७०ला उलटं होतं. तेव्हा ६०च बरोबर.

आता नगरपालिकेचं उत्पन्न पाहा. आपल्या तिघांत दुसऱ्या किमतीने ८० हजार येतात, पहिल्या किमतीने ६०. म्हणजे दुसरी पद्धत सरस? मिठाईवाल्याचं मूल्य ८०ऐवजी ४० असतं, तर दुसऱ्या किमतीने ४०च आले असते आणि पहिल्याने तेच ६०. एका लिलावावरून काहीच ठरत नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

औषधवाला जिंकला, याचा अर्थ इतर दोघांची मूल्यं ९०च्या आत आहेत. शून्य ते ९० मधून दोन आकडे उचलले, तर त्यांतल्या मोठ्याची सरासरी येते ६०. आणि पहिल्या किमतीत त्याने लिहिले होते तेही ६०च! योगायोग नाही हा. पहिल्या किमतीतला शहाणा बोलीदार ‘मी जिंकलो तर माझ्या खालोखालचं मूल्य सरासरी किती असेल’ हेच लिफाफ्यात लिहीत असतो. असंख्य लिलावांची सरासरी काढली तर दोन्हीकडे ६० हजारच पडतात. याला उत्पन्न-समतुल्यता म्हणतात.

पण अटी नीट पाहा. मूल्यं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत, सगळे बोलीदार एकाच साच्यातले हवेत, साटंलोटं नको आणि कोणी जोखमीला घाबरणारा नको. गाळा हातचा जाईल या भीतीने बोलीदार ६०चे ६५ लिहू लागले की पहिली किंमत जास्त उत्पन्न देते. दुसऱ्या किमतीत ती भीती चालत नाही, बोली ९०च राहते. तिथला धोका वेगळा: लिफाफे फोडणाऱ्याने ८९ची खोटी बोली घुसवली, तर जिंकणाऱ्याला ती ओळखता येत नाही.

न्यूझीलंडने १९९० साली रेडिओलहरींचे परवाने दुसऱ्या किमतीने विकले. एकाने ७० लाख डॉलरची बोली लावली आणि भरले ५ हजार. गदारोळ झाला, सरकार पुढे पहिल्या किमतीकडे वळलं. माझ्या मते दोष पद्धतीचा कमी, राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचंच नाही अशी किमान किंमत, न ठेवल्याचा जास्त. स्पर्धक इतके थोडे आहेत हे कळलं असतं, तर पहिल्या किमतीच्या लिलावात त्याच माणसाने ७० लाख कशाला लिहिले असते?