ओळंबा

बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या माडीवर सकाळचा वर्ग नुकताच सुटलाय. ताई खिडकीशी बसून एका विद्यार्थिनीचा फोटो पाहताहेत. वृक्षासन, डाव्या पायावर. शेजारी नमुन्याचा फोटो आहे, पण त्यातली व्यक्ती उजव्या पायावर उभी आहे. म्हणून ताई आधी नमुना आरशासारखा उलटा करून घेतात.

मग त्यांची नजर जाते ती मागच्या दारावर. चौकट ३ अंश कललेली दिसतेय, म्हणजे मोबाइल तिरका धरला होता. आता कमरेच्या दोन हाडांच्या मध्यापासून दोन खांद्यांच्या मध्यापर्यंत एक रेघ. ती त्याच बाजूला ७ अंश कललेली. त्यातले ३ मोबाइलचे, खरा कल ४ अंशांचा. चौकट नसती, तर सगळे ७ अंश तिच्या कण्याच्या नावावर पडले असते. कण्याचा पुढचा-मागचा बाक मात्र समोरून दिसत नाही. त्याला बाजूने काढलेला फोटोच लागतो.

एक फोटो दुसऱ्यावर ठेवून फरक शोधणं मला पटत नाही. कुणाचे पाय लांब, कुणाचं धड. कोन तेवढे ताडून बघावेत.

नाभीतून ओळंबा सोडला, तर तो बरोबर डाव्या तळव्यावर येतो. म्हणजे तोल आहे. पण जवळून बघा: बोटांनी सतरंजी घट्ट आवळलीय, नखं पांढरी पडलीत. उजवी कंबर वर चढलीय आणि धड डावीकडे गेलंय. उजवी मांडी नमुन्यापेक्षा आखूड दिसते. मांडी आखूड नाही, गुडघा बाहेर न वळता पुढे आलाय.

वृक्षासनात दोन पाय सारखे नसतातच, मग समानता बघायची कुठे? तिच्याच दुसऱ्या फोटोत. उजव्या पायावर उभी असताना, चौकटीचा कल वजा केल्यावर, धड जेमतेम १ अंश कलतं. म्हणजे डावा खुबा मोकळा, उजवा आखडलेला. त्या खुब्याला झेपत नसताना पाऊल मांडीवर चढवलं, म्हणून कंबरेला वर यावं लागलं.

ताई फोन लावतात.

"अगं, पाऊल मांडीवर नको, पोटरीवर ठेव. गुडघ्यावर तर मुळीच नको. आणि मोबाइल स्टुलावर ठेव, कमरेच्या उंचीला, चार पावलं लांब."

संध्याकाळी नवा फोटो येतो. चौकट सरळ, कंबर सपाट, धडाचा कल १ अंश. पायाची बोटं सैल, सतरंजीवर नुसती टेकलेली.

"आता पंधरा दिवस हेच," ताई सांगतात. "मग पाऊल चार बोटं वर घे आणि पुन्हा फोटो पाठव. मी आधी कंबर बघेन."